फोन हरवला? आधी लॉक, मग सिम बंद

मैत्रिणींनो, फोन हरवला की आपण आधी सिम बंद करायला धावतो. पण दुरून लॉक व्हायला फोनमध्ये इंटरनेट सुरू लागतं, आणि बाजारात ते बहुधा त्याच सिमवर चालतं. म्हणून आधी लॉक.

समजा, गटाच्या सचिवताईंचा अँड्रॉइड फोन आठवडी बाजारात पडला. त्यांनी शेजारणीच्या फोनवर android.com/find उघडून आपल्या जीमेलने आत जायचं. फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं, रिंगही वाजवता येते. नाहीच मिळाला तर तिथूनच लॉक करायचा. सगळं पुसायची घाई नको. पुसल्यावर फोन नकाशावर दिसत नाही. काम झालं की शेजारणीच्या फोनमधून आपलं जीमेल काढायचं.

फोन बंद असेल किंवा पासवर्ड आठवत नसेल, तर थांबू नका. कंपनीला कळवून सिम बंद करा. चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर आपले ओटीपी त्याला मिळतात, तिथे लॉक उपयोगाचं नाही. लगेच बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा.

मग पोलिसांत तक्रार देऊन प्रत घ्या. तीच प्रत आणि आयएमईआय नंबर ceir.gov.in वर भरला की तो फोन देशात कुठल्याच सिमवर चालत नाही. सापडला की तिथूनच पुन्हा सुरू करता येतो.

हा नंबर *#06# दाबल्यावर दिसतो. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने तो गटाच्या वहीत लिहून ठेवा.