बारा व्होल्टच्या बॅटरीतून चोवीस व्होल्ट

पेपर सकाळी दहाचा, विषय बेसिक इलेक्ट्रिकल. रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या खोलीत पहिल्या वर्षाची एक मुलगी सीनियरकडून आलेल्या नोट्सची झेरॉक्स घेऊन बसली होती. नोडल अ‍ॅनालिसिसचं एक गणित तिने तीनदा वाचलं. उत्तर छान पूर्णांकात होतं: अ नोडवर 16 व्होल्ट, ब नोडवर 24. पूर्णांकात आलेलं उत्तर बरोबरच असणार, अशी विद्यार्थ्यांची एक अंधश्रद्धा असते. पण सर्किटमध्ये होती एकच बॅटरी, आणि तीही 12 व्होल्टची.

सर्किट साधं होतं. बॅटरीपासून 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून अ नोड. अ पासून एक वाट 4 किलोओहममधून ग्राउंडला, दुसरी 1 किलोओहममधून ब नोडकडे. ब पासून 3 किलोओहममधून पुन्हा ग्राउंड. नोड म्हणजे तारा जिथे एकत्र येतात ती जागा. चौकात जेवढ्या गाड्या येतात तेवढ्याच बाहेर पडतात, तसं नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. हा नियम गुस्ताव्ह किर्खोफने 1845 साली मांडला, तेव्हा तोही कोनिग्सबर्गला शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थीच होता.

समीकरण मांडताना नोडमधून बाहेर जाणारे सगळे करंट बेरजेत घ्यायचे आणि बेरीज शून्य धरायची. बाहेर जाणारा करंट म्हणजे ‘माझं व्होल्टेज वजा पलीकडचं व्होल्टेज’ भागिले रेझिस्टन्स. झेरॉक्सवर अ चं समीकरण असं होतं:

(अ − 12)/1 + अ/4 + (अ − ब)/1 = 0

यात काही चूक नाही. त्याखाली ब चं:

(अ − ब)/1 + ब/3 = 0

तिने पेन्सिल इथे टेकवली. सोडवणाऱ्याने वरच्या ओळीतलं (अ − ब) तसंच खाली उतरवलं होतं. पण आता आपण ब वर उभे आहोत. इथून बाहेर जाणारा करंट (ब − अ) हवा. (अ − ब) म्हणजे आत येणारा करंट, आणि तो बाहेर जाणाऱ्या ब/3 मध्ये मिळवलाय!

तिने शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला हलवलं.

“अगं, ही साइन उलटी आहे बघ.”

“झोप गं. वर्षानुवर्षं हीच झेरॉक्स फिरतेय. आणि साइन उलटी झाली तर काय होतं? समीकरणाला उणे एकने गुणलं तरी तेच राहतं ना?”

मैत्रिणीचा मुद्दा निम्मा खरा होता. अख्ख्या समीकरणाची चिन्हं बदलली तर काही बिघडत नाही. आत येणारे धन धरा किंवा बाहेर जाणारे, उत्तर तेच. गणित बिघडतं ते एकाच ओळीत एक पद आतलं आणि दुसरं बाहेरचं धरलं की. म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. सुटं पाहिलं तर दोन्ही पदं बरोबरच दिसतात.

मग तिने छापलेलं उत्तर तपासायला घेतलं. अ नोडवर: बॅटरीकडे 4 मिलिअँपिअर बाहेर, ग्राउंडकडे 4 बाहेर, ब कडून 8 आत. हिशेब जुळला! इथेच थांबली असती तर चूक निसटली असती. ब नोडवर मात्र 8 अ कडे बाहेर, 8 ग्राउंडकडे बाहेर, आणि आत काहीच नाही.

तिने (ब − अ) लिहून पुन्हा सोडवलं. दुसऱ्या ओळीतून 4ब = 3अ, पहिलीतून 9अ − 4ब = 48. म्हणून अ = 8 व्होल्ट, ब = 6 व्होल्ट. बॅटरीतून अ मध्ये 4 मिलिअँपिअर येतात, त्यातले 2 ग्राउंडला आणि 2 ब कडे जातात. ब मध्ये 2 आत, 2 बाहेर.

‘बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज म्हणजे चूक’ हा खटका मात्र सगळीकडे वापरता येत नाही. एकच बॅटरी आणि बाकी नुसते रेझिस्टर असतील तिथेच तो चालतो. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, करंट सोर्स आला किंवा एसी सर्किटमध्ये कॉइल आणि कपॅसिटर रेझोनन्सला आले, तर जास्त व्होल्टेज खरंच येऊ शकतं. शिवाय चिन्हाची चूक नेहमी इतकं बेढब उत्तर देतेच असं नाही. कधी 8 च्या जागी 7 येतं आणि कुणाला शंकाही येत नाही. आत-बाहेरचा हिशेब मात्र तिथेही चूक पकडतो.

तेव्हा उद्या नोडलचं गणित आलं, तर सोडवून झाल्यावर प्रत्येक नोडवर करंट मोजा, फक्त पहिल्यावर नको. आणि हे करंट समीकरणातून उचलू नका, आकृतीवर बाण काढून मोजा. चुकीच्या समीकरणात तेच उत्तर परत घातलं, तर ते बरोबरच येणार.