भगर तीच, मग जोखीम वेगळी कशी? 'धोका' आणि 'जोखीम' यांतला फरक समजून घ्या

फेब्रुवारी २०२४. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि दोनशेहून अधिक जणांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या. बाहेर दोरी बांधून सलाईन लावावे लागले.

नवरात्रात मोहटादेवीचे उपवास करणाऱ्या तिसगाव, पाथर्डी परिसरातही भगर घरोघरी शिजते. मग ती खायचीच नाही का? अन्नसुरक्षेच्या परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न इथेच उपयोगी पडतो.

धोका म्हणजे काय?

ज्यामुळे इजा होऊ शकते, ती गोष्ट म्हणजे धोका. भगरीला ओल लागली की बुरशी वाढते आणि काही बुरशा विष तयार करतात. हे विष म्हणजे धोका. भगर हा धोका नव्हे.

मग जोखीम?

त्या विषामुळे प्रत्यक्ष त्रास होण्याची शक्यता किती आणि झालाच तर तो किती गंभीर, या दोन्हींचा एकत्रित अंदाज म्हणजे जोखीम. दोन्हींना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात.

एक उदाहरण सोडवू

उलट्या, चक्कर येऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागते असे धरू. गांभीर्य ४.

दुकानातले सुटे, कधी दळले हे माहीत नसलेले भगरीचे पीठ घेतले. पीठ हवेतली ओल पटकन धरते, म्हणून शक्यता ४. जोखीम ४ × ४ = १६, म्हणजे तक्त्यातला लाल रंग.

आता पाकीटबंद, तारीख पाहून घेतलेली भगर निवडून, लागेल तेवढीच घरी दळली. शक्यता २. जोखीम ४ × २ = ८, म्हणजे पिवळा रंग.

गांभीर्य दोन्हीकडे ४ च राहिले, कारण विष पोटात गेले तर त्रास तोच होणार. काळजी घेतल्याने कमी झाली ती शक्यता.

इथे चूक होते

'शिजवले की सगळे मरते' असे समजून अनेक जण शक्यतेला १ गुण देतात. शिजवल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेली अनेक विषे उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून कडू, कुबट वासाची किंवा गोळे झालेली भगर शिजवून वाचवता येत नाही. ती टाकूनच द्यावी लागते.

तक्त्याचीही मर्यादा आहे

क्वचित होणारा मृत्यू ५ × १ = ५ आणि नेहमीची किरकोळ पोटदुखी १ × ५ = ५. आकडा एकच, पण दोन्हींकडे सारखेच पाहून चालेल का? म्हणूनच नुसत्या गुणाकारावर थांबत नाहीत. गांभीर्य ५ असेल, तर शक्यता कमी असली तरी खबरदारीचे उपाय आधी ठरवतात.