चोवीस एसींचा प्रस्ताव

समजा, पुण्यातल्या एका कार्यालयाला चोवीस स्प्लिट एसींच्या वार्षिक देखभालीचा, म्हणजे एएमसीचा, प्रस्ताव द्यायचा आहे. एसी चार वर्षांचे आहेत. नुसतं कोटेशन पाठवलं, तर त्या पैशांत काय मिळणार, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आधी कामाची व्याप्ती पक्की करावी. ‘गरजेनुसार सर्व्हिसिंग’ लिहिलं की ठेकेदार वर्षाला दोन फेऱ्या धरतो आणि ग्राहक मनात येईल तेव्हा फोन करतो. त्याऐवजी स्पष्ट लिहावं: वर्षाला चार फेऱ्या, दर फेरीत फिल्टर आणि ड्रेन पाइपची सफाई, उन्हाळ्याआधी बाहेरच्या युनिटची कॉइल धुणं. तक्रार आल्यावर तंत्रज्ञ 24 तासांत येईल, पण सुटा भाग बाजारात नसेल तर दुरुस्तीला वेळ लागेल, हेही तिथेच सांगून टाकावं. काय धरलेलं नाही, तेही लिहावं: उंचावरच्या युनिटसाठी परांची, एसीची जागा बदलणं, विजेचा दाब वाढून जळालेलं पीसीबी. नवा ठेकेदार फसतो तो मात्र पहिल्याच दिवशी. दोनतीन एसी आधीपासूनच बिघडलेले असतात आणि ते त्याच्या गळ्यात पडतात. दोघांनी मिळून पाहणी करायची, यादीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच करार सुरू, ही अट विसरू नये.

दराचे तीन पर्याय पुरेत. फक्त मजुरी, एसीमागे 2,000 रुपये. सुट्या भागांसह, पण गॅस आणि कॉम्प्रेसर वगळून, 3,500. सगळं धरून 5,500. मधला पर्याय स्वस्त वाटावा म्हणून तिसरा मुद्दाम फुगवणारे असतात. चार ठिकाणांहून दर मागवणाऱ्या ग्राहकाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा आपली शिफारस कारणासह सांगावी. या एसींच्या कॉम्प्रेसरवर अजून कंपनीची वॉरंटी असेल, तर तिसऱ्या पर्यायाचे पैसे वाया जातील.

सारांश शेवटी लिहायचा, पण पहिल्या पानावर ठेवायचा. प्रस्ताव मागवतो अ‍ॅडमिनचा माणूस. सही करणारा मालक बहुधा तेवढंच पान वाचतो. त्यात इतकं असावं: ‘24 एसींसाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवतो, कारण कॉम्प्रेसर वॉरंटीत आहेत. वर्षाचे 84,000 रुपये; 18 टक्के जीएसटीसह 99,120. दर तिमाहीला आगाऊ 24,780. मंजुरी 31 जानेवारीपर्यंत मिळाल्यास पहिली फेरी फेब्रुवारीअखेर पूर्ण करू.’

घासाघीस होणारच. तेव्हा दर कमी करायचा तर चारऐवजी तीन फेऱ्या करून करावा. नुसताच आकडा खाली आणला, तर आधी वाढवून सांगितला होता असाच अर्थ निघतो. बदल झाल्यावर आतला तक्ता आणि सारांश दोन्ही सुधारावेत. जुना आकडा कुठे राहिला, तर पहिलं बिल हमखास अकाउंट्समध्ये अडकतं.