रेनडिअर चरले, पण फरक नेमका कशात पडला?

फिनलंड आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यातल्या कोरड्या पाइनच्या जंगलात जमिनीवर लायकेनची चादर असते. आपल्या मसाल्यातलं दगडफूल याच जातकुळीतलं. रेनडिअर ही चादर चरतात. त्यामुळे जमिनीवरच्या वनस्पतींत काय फरक पडतो, याचा अभ्यास वारे, ओह्टोनेन आणि ओक्सानेन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली २४ ठिकाणं आणि ४४ जातींची आकडेवारी आज संख्याशास्त्र शिकवायला वापरतात. vegan या संगणकीय संचात ती varespec नावानं मिळते. तिथल्या उदाहरणात १६ ठिकाणं चरलेली आणि ८ न चरलेली धरली आहेत.

चव्वेचाळीस जातींची तुलना एकेक करून जमत नाही. म्हणून आधी प्रत्येक दोन ठिकाणांमधलं ‘अंतर’ काढतात. समजा, एका ठिकाणी तीन जातींनी ६०, १० आणि ५ टक्के जमीन व्यापली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी २०, ३० आणि ५ टक्के. फरकांची बेरीज ४०+२०+०, म्हणजे ६०. एकूण व्याप्ती ७५+५५, म्हणजे १३०. साठ भागिले एकशेतीस, साधारण ०.४६. हे ब्रे-कर्टिस अंतर. शून्य आलं तर दोन्ही ठिकाणं हुबेहूब सारखी, एक आलं तर त्यांच्यात एकही जात सामाईक नाही. चोवीस ठिकाणांच्या अशा २७६ जोड्या होतात.

पुढचं काम पर्मनोव्हाचं. मार्टी अँडरसन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही चाचणी गटागटांमधला फरक आणि गटाच्या आतला फरक यांचं गुणोत्तर काढते. मग ‘चरलेलं’ आणि ‘न चरलेलं’ ही लेबलं ठिकाणांवर उलटसुलट वाटून तेच गुणोत्तर पुन्हा काढते, समजा ९९९ वेळा. खऱ्या लेबलांइतकं किंवा त्याहून मोठं गुणोत्तर त्यात चारदाच आलं, तर खरी मांडणी धरून हजारात पाच, म्हणजे p = ०.००५.

हे वाचून ‘दोन्ही समुदाय वेगळे’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण चाचणीनं एवढंच सांगितलं की लेबलं मनमानी वाटलेली दिसत नाहीत. त्याची कारणं दोन असू शकतात. गटांचे मध्य वेगळे असतील, म्हणजे वनस्पतींचं मिश्रणच बदललं असेल. किंवा मध्य सारखेच असून एका गटाचा पसारा मोठा असेल.

म्हणून पसारा वेगळा तपासावा लागतो. betadisper प्रत्येक ठिकाण आपल्या गटाच्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजतं. इथे चरलेल्या ठिकाणांचं सरासरी अंतर ०.३९ येतं, न चरलेल्यांचं ०.२७. फरकाचा F ४.६२ आणि p सुमारे ०.०४. न चरलेल्या जंगलात क्लॅडोनिया स्टेलॅरिस या लायकेनचा जाड थर असतो, त्यामुळे ती ठिकाणं एकमेकांसारखी दिसतात. हा थर कमी झाला की कुठे दुसरी लायकेन, कुठे शेवाळ जागा घेतं.

मग पर्मनोव्हा बाद करायची का? ते गटांच्या आकारावर ठरतं. गट सारख्या संख्येचे असतील, तर पसाऱ्यातल्या फरकाचा या चाचणीला फारसा त्रास होत नाही. असमान असतील, तर जास्त विखुरलेला गट लहान की मोठा, ते पाहायचं. लहान गट विखुरलेला असेल, तर मोजक्याच नमुन्यांवर ठरलेला त्याचा मध्य डळमळीत असतो. पण गटांतर्गत फरकाचा हिशेब मोठ्या, घट्ट गटाकडे झुकतो, गुणोत्तर फुगतं आणि नसलेला फरक दिसू लागतो. मोठा गट विखुरलेला असेल तर उलट होतं: चाचणी हात आखडता घेते आणि असलेला फरकही निसटू शकतो.

इथे विखुरलेला गट मोठा आहे, १६ ठिकाणांचा. म्हणून पर्मनोव्हाचा p लहान आला तर तो केवळ पसाऱ्याची करामत असण्याची शक्यता कमी. तो मोठा आला, तर ‘फरक नाही’ असं मात्र म्हणता येणार नाही.

निष्कर्षाच्या भागात म्हणून पर्मनोव्हाच्या आकड्यांलगत असं लिहावं: ‘चरलेल्या ठिकाणांचा पसारा जास्त होता (सरासरी अंतर ०.३९ विरुद्ध ०.२७, p ≈ ०.०४). हा गट मोठा (१६ विरुद्ध ८) असल्यानं मध्यांतल्या फरकाची चाचणी सावध बाजूला झुकलेली आहे.’ पसाऱ्याचा p मोठा आला असता, तरी ‘गृहीतक पूर्ण झालं’ असं लिहू नये. आठ ठिकाणांच्या गटात बराच फरकही नजरेतून सुटतो. म्हणून p सोबत ती दोन सरासरी अंतरं छापलीच पाहिजेत. शिवाय पसाऱ्यातला फरक हा चाचणीतला नुसता अडथळा नाही. चराईमुळे एकसारखं जंगल ठिकाणागणिक वेगळं होत असेल, तर अभ्यासाचा तो स्वतंत्र निष्कर्ष आहे.