आई-बाप धडधाकट, मग लेकराला सिकलसेल कसा?

विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे अमरावती जिल्ह्यातही सिकलसेलचे रुग्ण आहेत. आई-वडील शेतात राबणारे, कधी आजारी न पडलेले. त्यांच्या एका मुलाचे मात्र सांधे वारंवार ठणकतात, रक्त सतत कमी भरतं. मुलं आई-बापासारखी असूनही वेगळी का होतात, ते या आजारातून स्पष्ट दिसतं.

एका अक्षराचा फरक

डीएनएमधली माहिती ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत साठवलेली असते. ही अक्षरं पेशी तीन-तीन करून वाचते आणि त्या क्रमाने अमिनो आम्लं जोडून प्रथिन बनवते. अशा एका प्रथिनाची कृती ज्या भागात असते, तो भाग म्हणजे जनुक.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका ठिकाणी ‘जीएजी’ ऐवजी ‘जीटीजी’ आलं, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतं. त्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. वेदना आणि रक्तक्षय त्यातूनच येतात.

दोन प्रतींची वाटणी

या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला ए आणि बदललेल्या प्रतीला एस म्हणू. (हा ए डीएनएच्या अक्षरातला नव्हे.) एएस व्यक्ती वाहक असते. तिची चांगली प्रत पुरेसं हिमोग्लोबिन बनवते, म्हणून सहसा त्रास होत नाही.

दोघंही एएस असतील, तर प्रत्येकाकडून मुलाला कोणती प्रत मिळेल हे योगायोगावर ठरतं. प्रत्येक गर्भधारणेत एए होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के आणि एसएस म्हणजे आजाराची २५ टक्के. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. प्रत्येक वेळी वाटणी नव्याने होते.

भावंडंही निराळी

अशी वाटणी गुणसूत्रांच्या सगळ्या २३ जोड्यांत होते. नुसत्या त्यातून एका पालकाकडून सुमारे ८४ लाख निरनिराळे संच निघू शकतात. त्याआधी जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकडेही बदलतात. म्हणून नाक आईचं, चण बापाची, तरी भावंडं सारखी नसतात. उंचीसारखे गुण तर अनेक जनुकांवर आणि पोषणावरही अवलंबून असतात.

कळायचं कसं?

सोल्युबिलिटी चाचणीत एस हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं, वाहक आणि रुग्ण यांतला फरक नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. चेहऱ्यावरून वाहक ओळखू येत नाही. म्हणून लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, दोघांचीही तपासणी व्हायला हवी. एकच जण वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन नेहमीचं असेल, तर मूल वाहक होऊ शकतं, रुग्ण होत नाही.