प्रोबेटच्या कागदात काय वाचावं

उच्च न्यायालयाचं प्रोबेट घरात आलं, की बहुतेक वारस आधी मालमत्तेची यादी उघडतात. खरं तर वाचनाची सुरुवात मुख्य मजकुरापासून व्हायला हवी. मृत्युपत्र न्यायालयासमोर सिद्ध झालं आणि कारभार अमुक एक्झिक्युटरकडे सोपवला, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. सोबत मृत्युपत्राची प्रत जोडलेली असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांनी दादरचा फ्लॅट मुलीला आणि बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना सारख्या दिल्या. पुतण्याला एक्झिक्युटर नेमलं. यादीत अख्खा फ्लॅट आहे, पण खरेदीखतावर आईचंही नाव आहे आणि पैसे दोघांनी निम्मे निम्मे भरले होते. मग प्रोबेटमुळे मुलगी पूर्ण फ्लॅटची मालक झाली का? नाही. मिळकत कोणाची, हे प्रोबेट न्यायालय ठरवतच नाही. मृत्युपत्र खरं आहे की नाही, एवढंच पाहतं. यादी अर्जदारानेच दिलेली असते. वडिलांचा जेवढा हिस्सा, तेवढाच मुलीकडे जाईल. म्हणून यादीतली प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून पाहायला हवी. ठेवींवर मुलाचं नामनिर्देशन असलं, तरी तो बँकेकडून पैसे घेणारा ठरतो, एकटा मालक नव्हे.

आता पुतण्याचे अधिकार. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नुसार मालमत्ता त्याच्या हाती येते, पण ती मृत्युपत्राप्रमाणे वाटण्यासाठी. तो ती विकूही शकतो. मात्र ‘फ्लॅट विकू नये’ असं मृत्युपत्रात लिहिलं असेल, तर त्याला प्रोबेट देणाऱ्या न्यायालयाची लेखी परवानगी लागते. ही अट मृत्युपत्राच्या प्रतीत सापडते, त्यामुळे ती प्रत सोडून फक्त आदेश वाचणं धोक्याचं आहे.

त्याच्यावर मुदतीही आहेत: प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्ता आणि देण्यांची संपूर्ण यादी, वर्षाच्या आत हिशेब, दोन्ही न्यायालयात. वारसांनी या प्रती मागाव्यात. मागायला संकोच वाटतो, विशेषतः एक्झिक्युटर घरातलाच असला की. पण तंटे बहुधा इथेच मुरतात.

वाटप लगेच होईल, ही अपेक्षाही चुकीची. अंत्यविधीचा खर्च, प्रोबेटचा खर्च आणि कर्जं आधी फेडायची असतात. मृत्यूनंतर एक वर्षापर्यंत वाटणी देण्याची सक्ती एक्झिक्युटरवर नसते. फ्लॅट मुलीकडे पूर्णपणे जायला त्याची संमती लागते. कायद्याला तोंडी संमतीही चालते, पण ती लेखी घ्यावी; सोसायटीकडे भागपत्र नावावर करताना तीच दाखवता येते. ठेवींसाठी प्रोबेटची प्रमाणित प्रत बँकेत द्यावी. एखादी ठेव यादीतून सुटली असेल, तर यादीत दुरुस्ती करून घेण्यासाठी पुन्हा न्यायालयात जावं लागतं.

ज्या वारसाला नोटीस मिळायला हवी होती, पण मिळालीच नाही, तो योग्य कारण दाखवून प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. त्यामुळे दाव्याच्या कागदांत सर्व वारसांची नावं आणि त्यांना नोटीस बजावल्याची नोंद आहे का, हे फ्लॅटचा पुढचा व्यवहार करण्याआधी पाहून घ्यावं.