एका पिकोसेकंदाची किंमत

यूएसबी 3.0 च्या तारेतून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात. एका बिटाच्या वाट्याला जेमतेम 200 पिकोसेकंद येतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या 200 पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर पुढे जातो. पलीकडचा रिसीव्हर प्रत्येक बिटाच्या साधारण मधोमध पाहतो आणि शून्य की एक, ते ठरवतो. सिग्नल जिथे शून्यावरून एकावर किंवा उलट जातो, ती एज ठरल्या क्षणी न येता थोडी आधी किंवा उशिरा येते. हाच जिटर. एज पार मधल्या क्षणापर्यंत सरकली, की शेजारचाच बिट वाचला जातो. लाख कोटी बिटांत अशी एकच चूक व्हावी, ही इथली अपेक्षा. या वेगाला म्हणजे 200 सेकंदांत एक.

हे सरकणं दोन जातींचं असतं. पहिल्या जातीला कारण असतं आणि मर्यादाही. तार लांब असली की आधीच्या बिटांचा परिणाम पुढच्या बिटावर रेंगाळतो, म्हणून सलग पाच एकांनंतर येणारी एज नेहमीच्या जागी येत नाही. पॉवर सप्लायच्या स्विचिंगमुळे एज ठरावीक तालात हलते. शेजारच्या तारेचाही धक्का बसतो. हा डिटरमिनिस्टिक जिटर. तासभर मोजा की महिनाभर, तो एका हद्दीबाहेर जात नाही.

दुसरी जात रँडम. सर्किटमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या हालचालीतून, घड्याळाचा ताल देणाऱ्या ऑसिलेटरमधल्या नॉइजमधून ती येते. तिचा पसारा घंटेच्या आकाराच्या आलेखासारखा असतो आणि सिग्मा या एका आकड्याने मोजतात. मोठी सरक दुर्मिळ, पण अशक्य कधीच नाही. त्यामुळे रँडम जिटर जास्तीत जास्त किती, या प्रश्नाला उत्तरच नसतं. जितका वेळ मोजाल तितका तो वाढत जातो.

दोन्हींची बेरीज करण्याची रूढ रीत अशी: लाख कोटीत एक चूक चालणार असेल, तर

TJ = DJ + 14 × σ

TJ म्हणजे एकूण जिटर, DJ म्हणजे डिटरमिनिस्टिक. घंटेच्या दोन्ही बाजूंना सात-सात सिग्मा जागा सोडावी लागते, म्हणून 14.

आता दोन लिंक घेऊ. रिसीव्हरला स्वतःसाठी 40 पिकोसेकंद हवेत, म्हणजे जिटरसाठी उरले 160. पहिल्या लिंकमध्ये DJ 118 आणि सिग्मा 3, बेरीज 160. दुसरीत DJ 76 आणि सिग्मा 6, तीही 160. कागदावर दोन्ही बरोबरीच्या. पण घाईने फक्त दहा लाखांत एक चुकीपर्यंतच मोजलं, तर 14 च्या जागी साडेनऊ येतात. मग पहिलीचा जिटर 146.5 भरतो, दुसरीचा 133. दुसरी सरस वाटते. अपेक्षा हजारपट कडक केली, तर सिग्माला सुमारे 15.9 ने गुणावं लागतं आणि चित्र उलटतं: पहिली 165.7 वर जाते, तर दुसरी 171.4 वर. थोडक्या वेळाच्या चाचणीत छान दिसणारी लिंक दीर्घकाळात मागे पडते, ते सिग्मामुळे.

दुसऱ्या लिंकला आणखी जवळून पाहू. DJ वजा जाता मधल्या क्षणाच्या प्रत्येक बाजूला 42 पिकोसेकंद उरतात, म्हणजे बरोबर सात सिग्मा. ऑसिलेटर तापला आणि सिग्मा 6 चा 7 झाला, तर तेच 42 आता सहाच सिग्मा होतात. लाख कोटीत एक चूक होती, ती अब्जात एक होते. म्हणजे 200 सेकंदांत एक चूक होणाऱ्या लिंकमध्ये दर सेकंदाला पाच चुका. त्याऐवजी DJ एक पिकोसेकंदाने वाढला असता, तर चुका जेमतेम दुप्पट झाल्या असत्या.

म्हणूनच दोन्ही वेगळे करणं गरजेचं. एकच बिटांचा क्रम पुन्हा पुन्हा पाठवून प्रत्येक एजच्या जागेची सरासरी काढली, की रँडम भाग पुसला जातो आणि क्रमामुळे आलेली सरक तशीच उरते. ती इक्वलायझरने बरीच कमी करता येते. सिग्मावर मात्र इक्वलायझरचा इलाज चालत नाही. तिथे चांगलं घड्याळच लागतं. या मोजणीत एक फसगत ठरलेली: शेजारच्या अनेक तारांचे धक्के एकत्र आले, की त्यांचा आलेख घंटेसारखाच दिसतो. यंत्र त्यांना रँडम समजतं, सिग्मा फुगवतं आणि त्या फुगलेल्या आकड्याला पुन्हा 14 ने गुणतं.

तेव्हा एखाद्या घड्याळ-चिपच्या डेटाशीटवर जिटरचा एकच कमाल आकडा छापलेला दिसला, तर विक्रेत्याला आधी विचारा: हा आकडा किती बिटांसाठी, आणि यात सिग्मा किती?